मिटल्या डोळ्याचा थेंब

अंजनीकाकूंच्या हातून आजवर एकाही पोराच्या डोळ्यात साबण गेला नव्हता. कुळगावातल्या त्यांच्या गल्लीत, आणि पुढे गल्ली पाडून तिथे इमारत उभी राहिल्यावर त्या इमारतीत, मिळून चाळीसेक पोरं त्यांनी पायांवर घेऊन न्हाऊ घातली होती. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, बाळाला नडग्यांवर उताणं निजवायचं, डाव्या हाताचा तळवा त्याच्या कपाळावर छपरासारखा धरायचा आणि उजव्या हाताने पाणी ओतायचं. ओघळलेला थेंब डोळ्याच्या कोपऱ्याशी आला, की डाव्या अंगठ्याने तो पुसून टाकायचा. बाळंतिणी उंबऱ्यात उभ्या राहून बघत आणि म्हणत, "काकू, तुमच्याकडे कशी गप पडून राहतात हो! आमच्याकडे नुसता थयथयाट."

त्याच अंजनीकाकू मंगळवारी सकाळी दहा वाजता पलंगाखाली डोकं घालून आपल्या सव्वादोन वर्षांच्या नातीला विनवत होत्या.

"सई, बाय माझी, ये ना गं बाहेर. काही नाही करत आजी."

"बातली नको!" पलंगाखालून आवाज आला.

बाटली काकूंच्या हातात होती. पांढरी, करंगळीएवढी, निळ्या टोपणाची. ती दिसली की सई पळत सुटायची.

झालं होतं ते असं. सोमवारी दुपारी काकू गॅलरी झाडत होत्या. खराटा जरासा खाली टेकवून त्या केराची सुपली आणायला वळल्या, तेवढ्यात सईने खराटा उचलला. काडी गेली ती थेट उजव्या डोळ्यात. संध्याकाळी तेजल, म्हणजे सून, अंबरनाथच्या कंपनीतून आली तोवर डोळा लालबुंद होऊन मिटला होता. रात्र पडायच्या आत दोघी तिला घेऊन स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टर नीलिमा मॅडमकडे गेल्या. मॅडमनी नारिंगी टोकाची कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवली, निळा दिवा लावला, आणि बुबुळावर हिरवी रेघ चमकली.

"ओरखडा आहे. वरवरचाच आहे," मॅडम म्हणाल्या, "पण झाडाच्या काडीने झालाय, म्हणून मला काळजी वाटते. त्यात जंतू गेले तर पांढरा डाग पडेल आणि नजरेवर येईल. हे थेंब जागी असेल तोवर दर दोन तासांनी. एकही चुकवायचा नाही. बुधवारी सकाळी दाखवा."

घरी आल्यावर तेजलने एका कागदावर चौकटी आखून तो फ्रिजवर चिकटवला. थेंब घातला की चौकटीत बरोबरची खूण करायची. सईचा बाप, विनीत, कंपनीच्या कामाला गुजरातेत होता. त्याला त्या कागदाचा फोटो गेला. "आई आहे ना घरी, मग टेन्शन नाही," असं त्याचं उत्तर आलं. खराटा कुणाच्या हातचा होता, हे अजून कुणी बोललं नव्हतं.

मंगळवारी सकाळी आठचा थेंब दोघींनी मिळून घातला. तेजलने सईचे हात धरले, काकूंनी पापण्या फाकवल्या. सई इतकी किंचाळली की तिला उलटी झाली. थेंब गालावर पडला की डोळ्यात, हे कुणालाच दिसलं नाही. तेजलच्या गाडीची वेळ झाली होती. डोळे पुसत ती निघाली. "आई, प्लीज, दहाचा चुकवू नका हं."

दहाचा थेंब सईच्या कानात गेला.

बाराचा केसांत. दोनला काकूंनी तिला मांडीवर बसवून घट्ट आवळलं आणि मान मागे दाबली. थेंब पडला खरा, पण मिटल्या पापणीवर. सई झटका देऊन उठून बसली, आणि थेंब गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून फ्रॉकवर. चारच्या वेळी तर तिने आधीपासूनच डोळे इतके गच्च मिटले की पापण्यांना हात लावायचा काकूंना धीरच होईना. आपण ओढाताण करतोय आणि आतली जखम चिघळतेय, असं त्यांना वाटायला लागलं.

आणि दर वेळी फोन वाजायचा.

"आई, गेला दोनचा?"

"गेला."

"रडली?"

"थोडी."

फोन ठेवला की काकू फ्रिजपाशी जायच्या आणि चौकटीत खूण करायच्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. पण काडी आपल्या खराट्याची, आणि त्यावर आता 'मला जमत नाही' हेही सांगायचं, हे त्यांच्या जिभेवर येईना. पुढचा नक्की घालू, असं म्हणत त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या चौकटी भरल्या. तेजल आली तेव्हा सई रडून थकून झोपली होती, आणि कागद कसा सुरेख दिसत होता.

बुधवारी सकाळी तेजल ऑफिसला उशिरा येते असं कळवून दवाखान्यात आली. सिस्टर ऋता नावाची तिशीतली मुलगी होती, हसऱ्या तोंडाची. तिने सईला चादरीत गुंडाळून टेबलावर निजवलं आणि डोकं धरलं. काकू बाजूला पाय धरून उभ्या. पुन्हा ती नारिंगी पट्टी. पट्टीचा रंग विरघळून डोळ्यातून पिवळं पाणी वाहायला लागलं.

"आजी, हात नको मध्ये," सिस्टर म्हणाली.

मॅडमनी निळ्या दिव्यात बराच वेळ पाहिलं. दिवा बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवली.

"पांढरा डाग नाहीये, हे चांगलं. पण ओरखडा आहे तेवढाच आहे आणि लाली वाढलीय. लहान मुलांचं असं एका दिवसात बरंच भरून येतं." त्यांनी तेजलने आणलेला कागद हातात घेतला. "थेंब सगळे गेलेत ना?"

"सगळे, मॅडम," तेजल म्हणाली. "आई घरीच असतात."

"मग औषध लागू पडत नाहीये. काडीची जखम, त्यामुळे मी वाट बघत बसणार नाही. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देते. एवढ्या लहान मुलीला भूल देऊनच नीट तपासता येईल, जखमेवरचा नमुना घ्यावा लागेल. आजच जा."

तेजलने टेबलाची कड धरली. "भूल?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. काकूंची नजर त्या पेनावर खिळली. चादरीतली सई हुंदके देत होती. एवढ्याशा जिवाला उपाशी ठेवतील, तोंडावर काहीतरी लावतील, शुद्ध घालवतील. आणि कशासाठी, तर कागदावरच्या खोट्या खुणांसाठी.

"मॅडम," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "थेंब गेलेच नाहीत."

पेन थांबलं.

"म्हणजे?"

"एखादा गेला असंल तर असंल. कानात गेलं, केसात गेलं, गालावरनं वाहिलं. ती डोळाच उघडत नाय. मी खुणा करत गेले."

"आई!" तेजल इतकंच म्हणाली. पण ती ज्या नजरेने बघत होती, त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर काकूंना बरं वाटलं असतं.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्या चिडल्या असतील असं काकूंना वाटलं होतं. पण त्यांनी नुसता मोठा श्वास सोडला.

"आजी, आत्ता सांगितलंत हे फार बरं केलंत. औषध हरलं असं समजून मी पुढची पायरी चढत होते. औषध तर अजून आत गेलंच नाही." त्या तेजलकडे वळल्या. "उद्या सकाळपर्यंत मी थांबते. आज जागी असेल तोवर दर तासाला थेंब. पण पांढरं काही दिसलं, पू आला, किंवा ती उजेडाला अजिबात डोळा उघडेना, तर उद्याची वाट बघायची नाही. लगेच यायचं. आणि ऋता, यांना मिटल्या डोळ्याचं दाखव."

सिस्टरने चादर सोडली. सई उठून आईला बिलगली. सिस्टरने घाई केली नाही. सईला तिने टेबलावरचा पंखा दाखवला, छतावरचा दाखवला, तो बघायला म्हणून तिला उताणी निजवली. उशी काढून घेतली. बाटली दिसताच सईने डोळे गच्च मिटले.

"मीट, मीट. छान मीट," सिस्टर म्हणाली. "आजी, आपण सगळे इथेच चुकतो. डोळा उघडायला बघतो. उघडायचा नाहीच. पोरगी सपाट उताणी हवी, तोंड सरळ छताकडे. नाकाजवळ डोळ्याचा हा कोपरा बघा, इथे खड्डा असतो ना? बाटलीचं टोक कुठेही टेकवायचं नाही. वरून एक थेंब त्या खड्ड्यात सोडायचा. बस."

थेंब पडला. मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यात तो आळूच्या पानावरच्या पाण्यासारखा थरथरत उभा राहिला.

"आता?" काकूंनी विचारलं.

"आता काही नाही. थांबायचं. कधीतरी उघडेलच की. आपण जन्मभर मिटून बसतो का? मात्र उठू द्यायचं नाही, मान वळू द्यायची नाही. उठली की गेला वाहून."

पाच सेकंद, दहा सेकंद. पंखा घरघरला. सईने एक पापणी किलकिली केली, आणि तो थेंब हलला की नाही हे कळायच्या आत डोळ्यात सरकून नाहीसा झाला. सईने दोनदा डोळे मिचकावले आणि आश्चर्याने सिस्टरकडे बघितलं. रडायचं ती विसरूनच गेली होती.

"एक मिनिट पडू दे अशीच. मग बाहेर आलेलं गालावरचं पुसायचं. आणि आधी हात धुवायचे हं, आजी."

रिक्षातच तेजलने ऑफिसला रजेचा मेसेज टाकला. घराची पायरी चढताना ती म्हणाली, "तुम्ही मला सांगायचं होतंत. मी सुट्टी घेतली असती."

"खराटा माझा होता गं," काकू म्हणाल्या.

तेजल पायरीवर थांबली. काहीतरी बोलणार होती, पण सई खांद्यावर पेंगत होती. ती तशीच वर गेली.

अकरा वाजता पहिली परीक्षा. पलंगावर निजवायला जावं तर सई कमान होऊन उसळायची. त्या पलंगाने तिचा काल दिवसभर छळ केला होता. तेजल म्हणाली, "मी पाय धरते." काकूंनी मान हलवली. "धरून नको. धरलं की ती भ्याली. तू जरा आत जा. आई दिसली की ती तुझ्याकडे झेप घेते."

मग त्यांनी जमिनीवर सतरंजी टाकली. भिंतीला टेकून बसल्या, लुगडं सावरलं, आणि पाय लांब सोडले. पंधरा महिन्यांची होईस्तोवर याच पायांवर सई न्हाली होती. आता ती बादलीजवळ उभी राहून अंघोळ करायची.

"कोण गं न्हायचं राहिलंय?" काकूंनी रिकाम्या मगवर बोटांनी टकटक केलं. "पाणी गरम झालं."

सई दारातून बघत होती. पाणी नव्हतं, बाटली दिसत नव्हती, आजीचे पाय होते. ती आली आणि आपणहून उताणी पडली. तिचे पाय आता काकूंच्या कमरेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर जात होते, पण डोकं दोन नडग्यांच्या मधल्या खाचेत बरोब्बर बसलं. हलायला जागा नाही आणि कुणी धरलेलंही नाही.

काकूंनी बाटली पदराखालून काढली. सईने डोळे मिटले. थेंब कोपऱ्यात पडला. एक, दोन, तीन. सई चुळबुळली, आणि मग तिने डोळे उघडले.

"गेला?" आतून तेजलने विचारलं.

काकू खाली वाकून बघत राहिल्या. दवाखान्यात सईने डोळे मिचकावले होते. इथे नाही. डोळा तसाच, कोरडा, लाल. थेंब गालावर नाही, सतरंजीवर नाही. मग गेला कुठे?

"ठाऊक नाय," त्या म्हणाल्या. तेजलने बुधवारचा नवा कागद आखून लावला होता, पण आज त्यांनी चौकटीत खूण केली नाही. प्रश्नचिन्ह काढलं.

बाराच्या थेंबाचं तेच झालं. थेंब पडलेला त्यांनी स्वतः पाहिला. सईने डोळा उघडलेलाही पाहिला. पण मधलं काहीतरी निसटत होतं. दुसरं प्रश्नचिन्ह. तेजल स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मुंबईची चिठ्ठी पुन्हा दिसायला लागली होती. "मॅडमना फोन करू का?" ती म्हणाली. "आता जाऊनच येऊ का सरळ?"

"एक थांब. हात धुवून येते."

काकू मोरीत गेल्या. साबण लावला, हात चोळले, आणि नळाखाली धरलेला डावा अंगठा त्यांना दिसला. नखाच्या कडेला पिवळं. हळदीसारखं नाही, पातळ, हिरवट पिवळं. आज हळदीला हात लागला नव्हता. त्यांनी पुन्हा साबण लावला. पिवळं फिकट झालं, पण नखाच्या खाचेत राहिलं.

"तेजल, हे काय गं लागलंय?"

तेजलने बघितलं. "ते दवाखान्यातलं. डोळ्यातून पिवळं पाणी आलं, ते तुम्ही पुसलंत ना."

"मी? मी तर पाय धरून उभी होते."

"आई, पुसलंत की. अंगठ्याने. सिस्टर म्हणाल्या नाहीत का, आजी हात नको मध्ये?"

काकूंना ते वाक्य आठवत होतं. हात काही केल्या आठवत नव्हता. अंगठ्याने पुसलेलं त्यांना मुळीच आठवत नव्हतं. त्या नळ चालू ठेवून तशाच उभ्या राहिल्या. चाळीस पोरं. डोळ्याच्या कोपऱ्याशी पाणी आलं की अंगठा. विचार करावा लागतच नव्हता. विचार करेपर्यंत साबण आत जातो.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "थेंब मीच पुसतेय."

"काय?"

"मी घालते आणि मीच पुसते. ह्या हाताने घालते, ह्या हाताने पुसते. पोरगी पायावर आली की हा हात माझं ऐकत नाय. इतकी वर्षं डोळ्यात काय जाऊ द्यायचं नाय, एवढंच शिकलाय तो."

तेजल त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग दोन दिवसांत पहिल्यांदा तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "आई, मग बांधून ठेवू का त्याला? ओढणी आणते."

"थट्टा नको करू. एक वाजत आला."

पण हाताला काहीतरी काम द्यायला हवं, हे खरं होतं. रिकामा हात जुन्या कामावर जाणारच.

एक वाजता काकू पुन्हा पाय सोडून बसल्या. मगवर टकटक झाली, सई आली, डोकं खाचेत बसलं. काकूंनी डावा हात तिच्या छातीवर नेला.

"सई, हा आजीचा अंगठा फार खोडकर झालाय. पळून जातो. तू धरशील? दोन्ही हातांनी. सोडायचा नाही हं."

सईने गंभीरपणे दोन्ही मुठींत अंगठा पकडला. बाटली आली. डोळे मिटले गेले. थेंब नाकाजवळच्या खड्ड्यात पडला आणि थरथरला. काकूंना जाणवलं, अंगठा खरंच ओढ घेत होता. मुठींनी तो आणखी आवळला.

आता ती उघडेना. कपाळाला आठ्या घालून, ओठ दाबून, सई अंगठा राखत पडली होती. दहा सेकंद. पंधरा. तेजल दाराशी श्वास रोखून उभी होती. थेंब कोपऱ्यात सुकतो की काय, असं काकूंना वाटलं. आणि मग त्यांना आठवलं. न्हाणं संपलं की शेवटचा मग पालथा घालून त्या प्रत्येक पोराला एकच सांगायच्या.

"झालं पाणी," त्या म्हणाल्या. "उघडा खिडक्या!"

सईचे दोन्ही डोळे उघडले.

थेंब आत गेला. काकूंनी तो जाताना पाहिला. लाल डोळा क्षणात ओला झाला, चमकला, सईने पटापटा मिचकावलं आणि तोंड वाकडं केलं.

"थंड," ती म्हणाली.

"गेला!" तेजल ओरडली.

"गप, हलवू नको तिला. मिनिटभर पडू दे."

सई मिनिटभर पडून राहिली, कारण अंगठा अजून सुटला नव्हता. मग काकूंनी स्वच्छ कापसाने गालावरचं टिपलं आणि फ्रिजपाशी गेल्या. पहिल्या दोन प्रश्नचिन्हांच्या पुढे त्यांनी एक खूण केली. शेजारी मंगळवारचा कागद होता, सगळा भरलेला. त्यांनी तो काढून फाडला. थोड्या वेळाने तेजलने चहाचा कप आणून सासूच्या हातात दिला आणि शेजारी सतरंजीवर बसली.

"खराटा गॅलरीत मीच ठेवते रोज," ती म्हणाली. "सई उचलते, हे मला माहीत होतं."

दोनचा गेला. तीनला सई झोपली होती, तो राहिला. चारला तिने डोकं वळवलं आणि थेंब कानाकडे गेला. काकूंनी पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं आणि दुसरा घातला. संध्याकाळी सातला सई स्वतःच मग घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, अंगठा."

तरीही काकूंचा जीव थाऱ्यावर नव्हता. सईने डोळा चोळला की त्यांचा हात थबकायचा. ती उजेडाकडे बघून किलकिली झाली की त्या तिला खिडकीशी नेऊन पांढरं काही दिसतंय का ते पाहायच्या, आणि दिसलं नाही तरी पुन्हा पाहायच्या.

गुरुवारी सकाळी नारिंगी पट्टी, पिवळं पाणी, निळा दिवा. या वेळी सई टेबलावर चादरीशिवाय पडली होती आणि काकूंचा डावा अंगठा तिच्या मुठीत होता. मॅडमनी पाहिलं. दिवा बंद केला. पुन्हा लावला.

"आजी, कालचे किती गेले?"

"नक्की गेले ते सात," काकू म्हणाल्या. "दोन ठाऊक नाय. एक झोपेत राहिला."

मॅडमनी दिव्याचा उजेड थोडा बाजूला केला. "या, तुम्हीच बघा."

काकू वाकल्या. सोमवारी जिथे हिरवी रेघ बुबुळावर आडवी पसरली होती, तिथे आता तांदळाच्या कणीएवढा हिरवा ठिपका उरला होता.

"भरतंय," मॅडम म्हणाल्या. "मुंबई नको. अजून पाच दिवस थेंब घाला, दिवसातून चार वेळा, आणि शनिवारी दाखवा."

तेजलने सासूच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंच्या डोळ्यांच्या कोपऱ्याशी पाणी साचलं होतं. पुसायला त्यांचा डावा हात उठला, आणि थांबला. सईने अंगठा सोडला नव्हता.

"झालं पाणी," सई टेबलावरून म्हणाली. "आजी, उघडा खिदक्या."